हिरव्या छतावर राहते कोण?

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने २००२ साली आपल्या बांधकाम कायद्यात एक दुरुस्ती केली. नव्या इमारतीचे किंवा दुरुस्त होणाऱ्या इमारतीचे सपाट छत यापुढे मोकळे ठेवायचे नाही, त्यावर माती आणि झाडोरा हवा, असा नियम झाला. हिरव्या छतांचा आग्रह तेव्हा इतर शहरांतही होता. पण तिथे तो वीजबचत, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि उन्हाळ्यातला गारवा यांच्यासाठी होता. बाझलच्या नियमांत कीटकांचाही विचार होता. मोठ्या छतांवर माती परिसरातलीच असावी, थर किमान १० सेंटिमीटरचा असावा आणि अधूनमधून सुमारे ३० सेंटिमीटर उंच, ३ मीटर रुंद असे उंचवटे करावेत, असे तिथे सांगितले जाते. हे उंचवटे भुंगेऱ्यांसाठी आणि कोळ्यांसाठी आहेत.

हिरवे छत शहर थंड करते आणि जीवसृष्टीला आसराही देते, ही दोन विधाने बहुतेक वेळा एका दमात केली जातात. गेल्या पंचवीसेक वर्षांतले अभ्यास शेजारी ठेवून पाहिले तर ती वेगळी करावी लागतात. जे छत सर्वांत जास्त गारवा देते ते बहुधा कीटकांच्या सर्वाधिक जातींचे घर नसते. आणि जे कीटकांना मानवते ते वर्षातले काही महिने उजाड आणि गबाळे दिसते. हा फरक कशामुळे पडतो आणि आपल्याकडच्या गच्च्यांना त्यातून काय घेता येईल, हे या लेखात पाहायचे आहे.

तापलेले शहर आणि त्यातले कीटक

शहर आजूबाजूच्या गावांपेक्षा गरम असते, हे लंडनच्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तापमानाच्या नोंदी ठेवून दाखवले होते. हा फरक दिवसापेक्षा रात्री जास्त असतो, हेही त्याच्या लक्षात आले होते. काँक्रीट, डांबर आणि विटा दिवसभर ऊन साठवतात आणि रात्री ते हळूहळू सोडतात. अरुंद गल्ल्यांतून आकाश कमी दिसते, म्हणून उष्णता वर निसटायला वाट मिळत नाही. माती आणि झाडे कमी असल्याने बाष्पीभवनाने होणारा गारवाही घटतो. या साऱ्याला उष्णतेचे बेट म्हणतात.

कीटकांच्या दृष्टीने ही साधी गैरसोय नाही. त्यांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानाबरोबर बदलते, आणि वाढ, अंडी घालणे, वर्षातून किती पिढ्या होणार हे सारे त्यावर ठरते. एका मर्यादेपर्यंत ऊब वाढली की अनेक कीटक भराभर वाढतात. मर्यादा ओलांडली की हातपाय लुळे पडतात. अनेक कीटकांची ही मर्यादा ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते. म्हणून उष्णतेचे बेट सगळ्या कीटकांना सारखे मारत नाही. काहींना बळ देते आणि काहींना काढून टाकते.

अमेरिकेतल्या रॅले शहरात यावर सलग काम झाले आहे. तिथल्या रस्त्यांवरच्या विलो ओक झाडांवर एक खवले कीड रस शोषून जगते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहराच्या सर्वांत गरम भागांतल्या झाडांवर ही कीड थंड भागांतल्या झाडांपेक्षा १३ पट अधिक आढळली. किडीला आवर घालणारे परजीवी मित्रकीटक तिच्या या वाढीला पुरे पडले नाहीत. त्याच शहरात रानमाश्यांचे, म्हणजे पाळीव नसलेल्या मधमाश्यांचे, चित्र उलटे निघाले. तापमान एका अंशाने वाढले की त्यांची संख्या सुमारे ४१ टक्क्यांनी घटते, असे २०१८ सालच्या अभ्यासात दिसले; आणि फुले भरपूर असली तरी ही घट भरून निघत नव्हती. कोणत्या जातीची माशी टिकेल, हे तिच्या उष्णता सोसण्याच्या मर्यादेवरून बऱ्याच अंशी सांगता येत होते.

काही कीटक बदलतातही. क्लीव्हलँड शहरात ओकच्या पोकळ फळात अख्खे वारूळ मावेल अशी एक बारीक मुंगी आहे. शहरातल्या आणि खेड्यातल्या मुंग्या प्रयोगशाळेत एकाच तापमानाला वाढवल्या, तरी शहरी मुंग्यांची पिल्ले जास्त उष्णता सोसत होती. याचा अर्थ ती सहनशक्ती सवयीची नसून वारशाने आलेली होती, आणि ती साधारण शंभर वर्षांत, म्हणजे या मुंगीच्या वीसेक पिढ्यांत आली. मात्र त्याच वेळी थंडी सोसण्याची ताकद कमी झाली. बेल्जियममध्ये दहा प्राणिगटांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा गरम शहरी भागात सरासरी शरीर लहान झालेले दिसले. अपवाद फुलपाखरे, पतंग आणि नाकतोडे यांचा. त्यांच्यात मोठे शरीर म्हणजे लांबचा पल्ला, आणि तुकड्यातुकड्यांच्या शहरात लांब जाऊ शकणारेच टिकतात.

तेव्हा शहरी कीटकासमोर दोन अडचणी एकदम असतात: उष्णता आणि विखुरलेल्या जागा. हिरवे छत या दोन्हींवर उपाय म्हणून पुढे केले जाते. ते खरोखर किती उपयोगी पडते?

गारवा कुठून येतो

छत थंड होण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सावलीचा आणि जाडीचा: पाने ऊन अडवतात, माती ते स्लॅबपर्यंत पोचू देत नाही. दुसरा बाष्पीभवनाचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता वापरली जाते. ५०० चौरस मीटरच्या छतावरून दिवसाला ३ मिलिमीटर पाणी उडाले, तर ते १५०० लिटर होते आणि त्याबरोबर सुमारे १०२० युनिट उष्णता जाते. दीड टनाचे आठ एसी चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले तर साधारण एवढी उष्णता ओढतील. आकडा मोठा आहे, पण त्याला अट आहे: पाणी हवे.

युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक पातळ छतांवर सेडम नावाची मांसल पानांची झुडपे लावतात. ती आपल्या पानफुटीच्या कुळातली आहेत. ५-१० सेंटिमीटर मातीत, खत-पाण्याशिवाय ती जगतात, याचे कारण त्यांची श्वसनछिद्रे कोरड्या दिवसांत भर उन्हात मिटलेली असतात. कर्बवायू ती रात्री आत घेतात. म्हणजे ज्या गुणामुळे सेडम छतावर टिकते, त्याच गुणामुळे ते टळटळीत दुपारी पाणी सोडत नाही आणि बाष्पीभवनाचा गारवाही कमी देते. याउलट जाड मातीवरची, रोज पाणी घातलेली हिरवळ भरपूर गारवा देते, पण तिला पाणी आणि भक्कम इमारत दोन्ही लागतात.

दुसरी मर्यादा उंचीची. छतावर थंड झालेली हवा रस्त्यावरच्या माणसापर्यंत किंवा झाडापर्यंत पोचेल, असे नाही. हाँगकाँगच्या उंच वस्तीवर २०१२ साली झालेल्या संशोधनात छतावरच्या झाडोऱ्याचा जमिनीवरच्या तापमानावर जवळजवळ परिणाम दिसला नाही. रस्त्यालगतच्या झाडांचा दिसला. हिरवे छत स्वतःच्या इमारतीचा वरचा मजला निश्चित थंड ठेवते. सगळ्या शहराचे उष्णतेचे बेट त्याने विझवायचे असेल, तर इमारती बुटक्या हव्यात, छते शेकडोंनी हवीत आणि पाणी हवे.

झुरिचचे जुने छत आणि बाझलचे भुंगेरे

आता कीटकांकडे. झुरिचमध्ये वोलिसहोफेन इथे मोस नावाचे पाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. १९१४ साली बांधलेल्या या केंद्राची काँक्रीटची सपाट छते उन्हाने तापत आणि खालच्या टाक्यांतले पाणी गरम होऊन त्यात जिवाणू वाढण्याचा धोका असे. म्हणून छतांवर वाळू-खडीचा निचऱ्याचा थर घालून वर शेजारच्या शेतातली १५-२० सेंटिमीटर माती पसरली. त्या मातीत तिथल्याच गवतांचे आणि फुलांचे बी होते. त्यानंतर आसपासची कुरणे शेती आणि बांधकामाखाली गेली. छतावरचे कुरण राहिले. आज तिथे १७५ च्या आसपास वनस्पती आहेत, त्यात नऊ जातींची ऑर्किड, आणि त्यांतल्या काही वनस्पती खालच्या सपाटीवरून जवळपास नाहीशा झाल्या आहेत. गारव्यासाठी घातलेली माती जीवसृष्टीचा ठेवा ठरली, कारण ती स्थानिक होती आणि शंभर वर्षे कुणी तिला हात लावला नाही.

या छताने प्रभावित झालेल्यांत श्टेफान ब्रेनआयझन हा संशोधक होता. बाझलमधल्या १७ हिरव्या छतांवर त्याने जमिनीत पुरलेल्या पेल्यांचे सापळे लावले. पेल्याची कड मातीच्या पातळीला असते, चालता चालता कीटक आत पडतो. पहिल्या तीन वर्षांत २५४ जातींचे भुंगेरे आणि ७८ जातींचे कोळी सापडले. भुंगेऱ्यांच्या ११ टक्के आणि कोळ्यांच्या १८ टक्के जाती धोक्यात आलेल्या किंवा दुर्मीळ म्हणून नोंदवलेल्या होत्या. कोळी कीटक नव्हेत, पण छतावर कोळी टिकला म्हणजे त्याचे भक्ष्यही टिकले, म्हणून त्यांची मोजणी कामाची.

हे दुर्मीळ भुंगेरे आले कुठून? बाझल ऱ्हाइन नदीच्या काठावर आहे. नदीला बांध घालण्यापूर्वी तिच्या पात्रात गोट्यांचे, वाळूचे, अर्धवट झाडोऱ्याचे पट्टे असत. पुराने ते दरवर्षी मोडत आणि नव्याने बनत. तिथले कीटक उन्हाला, कोरडेपणाला आणि उघड्या जमिनीला सरावलेले. नदी बांधली गेली तसे हे पट्टे गेले, आणि कीटकांनी रेल्वेच्या यार्डात आणि पडीक जागांवर आसरा घेतला. खडी-वाळूचे छत त्यांना ओळखीचे वाटले. लंडनमध्येही असेच झाले. पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर वाढणारी जीवसृष्टी वाचवण्यासाठी काही छतांवर मुद्दाम विटा-काँक्रीटचा चुरा पसरला आणि तिथेही दुर्मीळ भुंगेरे, कोळी आणि माश्या मिळाल्या.

ब्रेनआयझनने आणखी एक गोष्ट दाखवली. सारख्या जाडीचा पातळ थर आणि त्यावर सेडमची चटई, अशा छतावर जाती कमी. त्याच छतावर कुठे ५, कुठे १५, कुठे ३० सेंटिमीटर माती, कुठे उघडी वाळू, कुठे लाकडाचा ओंडका असेल तर जाती वाढतात. कारण साधे आहे. जमिनीवरचा कीटक दुष्काळ पडला की खोल जातो. छतावर त्याला ती सोय नाही. दहा सेंटिमीटरखाली वॉटरप्रूफिंगचा पत्रा किंवा स्लॅब लागतो. पातळ थर उन्हात तळापर्यंत तापतो आणि थंडीत तळापर्यंत गोठतो. उंचवट्याच्या पोटात ओल राहते आणि तापमान कमी चढते, म्हणून अळी, कोष किंवा अंडे तिथे उन्हाळा काढू शकते. बाझलच्या नियमातले ते ३० सेंटिमीटर इथून आले आहेत.

पंख असलेले आणि नसलेले

छत हे शहरातल्या इतर हिरव्या जागांना जोडते का, या प्रश्नावरचा सर्वांत नीट आखलेला अभ्यास पुन्हा झुरिचचाच आहे. सोन्या ब्राकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. ४० हिरवी छते आणि जमिनीवरच्या ४० जागा त्यांनी निवडल्या आणि चार गट मोजले: मधमाश्या, सोंडेकिडे, जमिनीवरचे भुंगेरे आणि कोळी. मधमाश्या आणि सोंडेकिडे लांब जाणारे. त्यांच्या बाबतीत कोणत्या छतावर कोणत्या जाती असतील, हे आसपासच्या हिरव्या जागा किती जोडलेल्या आहेत यावर ठरत होते. भुंगेरे आणि कोळी यांचे गणित छताच्या स्वतःच्या परिस्थितीवर होते: माती किती, झाडोरा कसा. म्हणजे उडणाऱ्यांसाठी छत हा प्रवासातला मुक्काम होऊ शकतो. चालणाऱ्यांसाठी ते बेटच राहते, आणि बेट चांगले असेल तरच कुणी वस्ती करते.

मधमाश्यांनाही उंचीची अडचण असतेच. टोरोंटो शहराने २००९ साली हिरव्या छतांचा नियम केला, त्यामुळे तिथे वेगवेगळ्या उंचीची छते अभ्यासाला मिळाली. एकट्या राहणाऱ्या माश्या पोकळ काडीत खोल्या करून अंडी घालतात. म्हणून संशोधकांनी काड्यांच्या जुड्या छतांवर टांगल्या आणि किती खोल्या भरल्या ते मोजले. इमारतीची उंची वाढली तशी घरटी कमी झाली. दर खेपेला परागकण घेऊन इतके वर चढायचे, वाऱ्याला तोंड द्यायचे, हे लहान माशीला परवडत नाही.

बहुसंख्य एकट्या माश्या काडीत नव्हे, जमिनीत बिळ करतात. छतावरच्या भरड, हलक्या, खडेदार मिश्रणात बीळ ढासळते. व्हिएन्नातल्या नऊ छतांवर ९० जातींच्या रानमाश्या मिळाल्या, आणि जिथे फुले जास्त व माती बारीक तिथे त्या अधिक होत्या. शिकागोतल्या तुलनेत छतांवर माश्या होत्या खऱ्या, पण प्रेअरीच्या गवताळ जमिनीपेक्षा संख्येने आणि जातींनी कमी. छत जमिनीची बरोबरी करते, असे म्हणायला पुरावा तोकडा आहे.

मोजणीतली फसगत

या आकड्यांकडे पाहताना एक शंका मनात ठेवावी लागते. छतावर सापडलेला कीटक छतावर राहतोच, असे नाही. वारा बारीक कीटक कितीही उंचावर नेतो. फुलाच्या ओढीने आलेली माशी दुसरीकडे जन्मलेली असते. मोजणीच्या पद्धतीही फसवतात. पाण्याने भरलेले रंगीत वाडगे माश्या पकडायला वापरतात. आसपास फुले नसली की ते वाडगेच मोठे फूल वाटतात आणि उजाड छतावर माश्या जास्त असल्याचा भास होतो.

कीटक तिथेच जन्मला का, हे कळायला दोन साधने भरवशाची. एक, मातीवर जाळीचा छोटा तंबू लावायचा आणि आतून बाहेर पडणारे कीटक मोजायचे. दुसरे, काड्यांची घरटी वर्षभर ठेवून त्यांतून किती प्रौढ माश्या बाहेर आल्या ते पाहायचे. नुसती भरलेली खोली पुरेशी नाही. उष्णतेने आतली अळी मेलेली असू शकते. मातीत राहणारे उड्या मारणारे स्प्रिंगटेल, म्हणजे कीटकांचे जवळचे नातलग, हेही चांगले मापक आहेत. पालापाचोळा कुजवून माती घडवण्याचे काम ते करतात. इंग्लंडमधल्या पातळ छतांवर त्यांची संख्या ओल असताना वाढायची आणि कोरड्या उन्हाळ्यात कोसळायची. दरवर्षी शून्याजवळ जाणारी वस्ती ही खरी वस्ती नव्हे. एका मोसमात मोजून 'जैवविविधता वाढली' असे सांगणारे अहवाल त्यामुळे जपूनच वाचावेत.

आणखी एक प्रश्न कोणत्या जाती वाढल्या हा. टोरोंटोत सेडमच्या फुलांवर येणाऱ्या माश्यांत बाहेरून आलेल्या जातींचा वाटा मोठा दिसला: परके झाड, परकी माशी. जातींचा आकडा वाढलेला असू शकतो आणि स्थानिक कीटकाला त्यातून काहीच मिळालेले नसू शकते.

आपल्या गच्चीवर

हे सगळे पुरावे बहुतांशी थंड प्रदेशातले आहेत, जिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. मुंबई-पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो. आणि छत सर्वाधिक तापते ते एप्रिल-मे महिन्यांत, माती ठणठणीत कोरडी असताना. वर मांडलेले गणित इथे लावून पाहू. ५०० चौरस मीटरच्या गच्चीला बाष्पीभवनाचा गारवा हवा असेल तर रोज १५०० लिटर पाणी द्यावे लागेल. माणशी १३५ लिटरच्या शहरी निकषाने ते अकरा माणसांचे पाणी झाले. सोसायटीत सांडपाणी शुद्ध करून मिळत असेल तर ते वापरता येईल. टँकर मागवून गच्ची हिरवी ठेवणे हा उफराटा व्यवहार आहे.

मग वजनाचा हिशेब. १० सेंटिमीटर ओला मुरूम एका चौरस मीटरला साधारण १८०-२०० किलो भरतो. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा आहे, आणि तो माणसांसाठी व सामानासाठी आहे. कायमच्या मातीसाठी नाही. अनेक जुन्या इमारतींवर ब्रिकबॅट कोब्याचे वजन आधीच आहे. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीशिवाय माती चढवू नये. उंचवटे करायचे तर तुळया आणि खांबांच्या डोक्यावर करावेत. पत्र्याच्या घरांना तर हा मार्गच बंद आहे, आणि उन्हाचा तडाखा सर्वांत जास्त त्यांनाच बसतो. तिथे पांढरा परावर्तक रंग आणि गल्लीतली झाडे हाच उपाय.

तरीही पातळ मातीवरचे जीवन आपल्याला नवे नाही. सोलापूर-मराठवाड्यातल्या माळवदांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो आणि पावसाळ्यात त्यावर गवत उगवते. मुळांनी गळती लागू नये म्हणून लोक ते उपटतात. याहून महत्त्वाचा धडा कोकणातल्या आणि गोव्यातल्या सड्यांचा आणि कासच्या पठाराचा आहे. कॅनडातल्या जेरेमी लुंडहोमने २००६ साली असा विचार मांडला की छतासाठी झाडे निवडताना बागेकडे पाहण्याऐवजी निसर्गात छतासारखी परिस्थिती कुठे आहे ते पाहावे. कातळावर काही बोटे माती, चार महिने धो-धो पाऊस, आठ महिने भाजणारे ऊन: महाराष्ट्रातले ते ठिकाण म्हणजे सडा. तिथे पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, तेरडा, कावळा यांचे पट्टे एकामागून एक फुलतात आणि मग बी, कंद, गड्डे यांच्या रूपात उन्हाळा काढतात. आपल्या छतानेही असेच वागायला हरकत नाही: जून ते ऑक्टोबर फुलावे आणि नंतर वाळून जावे. वाळलेल्या काड्या मात्र झाडून काढू नयेत, कारण पोकळ काडीत पुढच्या पावसाळ्याची माशी असते. सड्यावरची झाडे उपटून आणू नयेत, हे वेगळे सांगायला नको. तीच कुळे रोपवाटिकेतून किंवा गावातल्या पडीक जागेवरच्या बियांतून आणता येतात. सड्यावरची काही झाडे साचलेल्या पाण्यात वाढतात. निचऱ्याच्या गच्चीवर ती जगणार नाहीत.

उष्ण कटिबंधातला उपयोगी पुरावा सिंगापूरचा आहे. तिथल्या ३० गच्चीबागांवर फुलपाखरे आणि पक्षी मोजले गेले. बुटक्या इमारतींवर आणि फुलपाखरांच्या उपयोगाची झाडे जास्त असलेल्या बागांत जाती अधिक होत्या. फुलपाखराला मधाचे फूल पुरत नाही; अळीला तिचे ठरलेले झाड लागते. आपल्याकडे कढीपत्ता आणि लिंबू असेल तर कॉमन मॉरमॉन अंडी घालते. रुई असेल तर प्लेन टायगर येते. कुंडीतल्या पानफुटीच्या मांसल पानांच्या आत रेड पिएरोची अळी बोगदे करत जगते, आणि पानफुटीला सेडमइतकेच कमी पाणी लागते. सेडमऐवजी हे झाड लावले तर त्याच कष्टात एक स्थानिक फुलपाखरू वाढते. पाने कुरतडलेली दिसली की औषध मारायचे नाही, एवढीच अट.

डासांची भीती रास्त आहे. मुंबईत ॲनोफिलिस स्टिफेन्साय हा मलेरियाचा डास विहिरी आणि टाक्यांत वाढतो, हे १९११ च्या सुमारास बेंटली यांच्या अहवालापासून माहीत आहे. डेंगीचा एडीस कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. पण डासाच्या अळीला उघडे साचलेले पाणी लागते. ओली माती तिला चालत नाही. तेव्हा दोष मातीचा नसून तुंबलेल्या पन्हाळीचा, ताटल्यांचा आणि उघड्या टाकीचा असतो. निचरा बरोबर आहे का, हे पाहायला मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी गच्चीवर फेरी मारावी. कुठे पाणी दिसले तर उतार चुकला आहे.

निष्कर्ष

आतापर्यंतच्या अभ्यासातून तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात. हिरवे छत आपल्या इमारतीला थंड ठेवते, पण उष्णतेच्या बेटावर त्याचा परिणाम इमारतीच्या उंचीवर आणि पाण्यावर अवलंबून असतो. कीटकांची विविधता हिरवेपणावर नव्हे, तर मातीची जाडी, तिच्यातला चढउतार, उघड्या जागा आणि स्थानिक झाडे यांवर ठरते. आणि सर्वांत चांगले छतही जमिनीची जागा घेत नाही, कारण बिळात राहणारी माशी आणि बिनपंखी भुंगेरा वर पोचत नाहीत किंवा टिकत नाहीत.

यातून धोरणाचा क्रम निघतो. आधी नदीकाठ, टेकड्या, मोकळी मैदाने आणि रस्त्याकडेची झाडे. नंतर चार-पाच मजल्यांपर्यंतच्या भक्कम इमारतींची छते. जमिनीवरचे पडीक माळरान बांधकामाला देऊन त्याची भरपाई म्हणून तिसाव्या मजल्यावर हिरवळ दाखवणारा प्रस्ताव कीटकांच्या हिशेबात तोट्याचा आहे, आणि परवानगी देणाऱ्या पालिकेने तो तसाच मोजावा. हिरव्या छताला सवलत द्यायची असेल, तर किती चौरस मीटर हिरवे केले एवढेच विचारू नये. माती कुठली, किती जाड, कोणती झाडे, हे विचारावे. आणि तीन वर्षांनी तिथे काय जन्मते याची मोजणी सवलतीची अट करावी.